मॅकवर उघडते, पण लिहू देत नाही

विंडोजच्या संगणकावर वर्षानुवर्षे वापरलेली बाहेरची हार्ड डिस्क पहिल्यांदा मॅकला जोडली, की आधी सगळे सुरळीत वाटते. डिस्कचे चिन्ह येते, फोल्डर उघडतात, फोटो दिसतात, हवी ती फाइल मॅकवर उतरवून घेता येते. मग एखादी फाइल उलट डिस्कवर टाकायला जावे, तर ती जातच नाही. ओढून नेलेली फाइल सोडली की जागच्या जागी परत येते. नवा फोल्डर करण्याचा पर्याय फिका दिसतो. आधीच्या फाइलचे नाव बदलत नाही आणि ती पुसताही येत नाही. टर्मिनलमधून प्रयत्न केला, तर `Read-only file system` एवढेच उत्तर मिळते.

इथून पुढे बरेच जण चुकीच्या वाटेने जातात. कोणी फाइलींच्या परवानग्या बदलत बसतो, त्या बदलत नाहीत. कोणी केबल बदलतो. कोणाला डिस्क बिघडल्याची खात्री वाटते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, ‘फॉरमॅट करून टाका, होईल ठीक’ हा सल्ला ऐकून कोणी आतला सगळा मजकूर दुसरीकडे न हलवता डिस्क पुसून मोकळा होतो. खरे तर बहुतेक वेळा डिस्क धडधाकट असते, केबल चांगली असते आणि परवानग्यांचा काही संबंध नसतो. ही डिस्क एनटीएफएस या विंडोजच्या पद्धतीने मांडलेली असते, आणि मॅक ती मांडणी वाचतो, पण तिच्यात लिहीत नाही. हा मॅकने जाणूनबुजून पाळलेला नियम आहे.

आपल्या डिस्कचे हेच झाले आहे का, ते पाहायला अर्धे मिनिट पुरते. फाइंडरमध्ये डिस्कवर एकदा क्लिक करून कमांड आणि आय या कळा एकत्र दाबा. उघडलेल्या खिडकीत `Format` या शब्दापुढे `Windows NT File System (NTFS)` असे दिसले आणि खाली `You can only read` लिहिलेले असले, तर निदान झाले. टर्मिनलची सवय असेल, तर तिथे आणखी नेमके कळते. डिस्कचे नाव स्टुडिओ आहे असे धरू:

```
diskutil info /Volumes/STUDIO
```

पुढे येणाऱ्या लांबलचक मजकुरात या तीन ओळी शोधायच्या:

```
File System Personality:   NTFS
Media Read-Only:           No
Volume Read-Only:          Yes (read-only mount flag set)
```

दुसरी आणि तिसरी ओळ एकत्र वाचली, की गोष्ट उलगडते. डिस्क हे साधन लिहायला मोकळे आहे, पण तिच्यावरची मांडणी मॅकने फक्त वाचण्यापुरती उघडली आहे. दुसऱ्या ओळीत `Yes` आले असते, तर प्रकार वेगळा असता. त्याकडे शेवटी येऊ.

एनटीएफएस मायक्रोसॉफ्टने १९९३ मध्ये विंडोज एनटीबरोबर आणली. आज विंडोजचा संगणक ज्या डिस्कवरून सुरू होतो ती याच मांडणीची असते, आणि बाजारातल्या बऱ्याच बाहेरच्या डिस्कही कारखान्यातून अशाच येतात. मॅकला ही मांडणी २००३ च्या पँथर आवृत्तीपासून वाचता येते. मग वीस वर्षांहून अधिक काळ वाचता येते, तरी लिहिता का येऊ नये? त्यासाठी एक फाइल डिस्कवर ठेवली जाते तेव्हा आत काय काय घडते, ते पाहायला हवे.

आपल्याला वाटते, फाइल ठेवली म्हणजे तिच्यातला मजकूर डिस्कवर उतरला. एनटीएफएसमध्ये तेवढ्यावर भागत नाही. डिस्कवर `$MFT` नावाची एक मुख्य सूची असते. प्रत्येक फाइलची तिथे साधारण एक किलोबाइटची नोंद असते: नाव, तारखा, मालक, मजकूर डिस्कवर कुठे कुठे ठेवला आहे त्याचे पत्ते. नवी फाइल आली की इथे नवी नोंद होते. शिवाय ती फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे, त्याच्या अनुक्रमणिकेत तिचे नाव योग्य जागी घालावे लागते. `$Bitmap` नावाच्या तिसऱ्या ठिकाणी डिस्कवरची कोणती जागा मोकळी आणि कोणती भरलेली याची खूण असते, तीही बदलावी लागते. आणि हे सगळे करण्याआधी ‘आता मी हे बदल करणार आहे’ असे `$LogFile` या नोंदवहीत लिहावे लागते.

ही नोंदवही एनटीएफएसचा कणा आहे. वीज गेली, कोणी केबल ओढली, तर पुढच्या वेळी विंडोज ही वही उघडते. अर्धवट राहिलेला बदल एकतर पुरा करते, नाहीतर पूर्ण मागे घेते. सातबाऱ्याचा कारभार असाच चालतो. उतारा कोणीही पाहावा, नक्कल काढून घ्यावी. पण त्यावर नाव चढवायचे, तर आधी फेरफार नोंदवहीत नोंद होऊन ती प्रमाणित व्हावी लागते. कोणी परस्पर सातबाऱ्यावर नाव लिहिले आणि फेरफारात त्याचा मागमूस नसला, तर दोन कागद एकमेकांशी भांडू लागतात आणि जमीन कोणाची हेच सांगता येत नाही. एनटीएफएसवर परक्याने नोंदवही सांभाळल्याशिवाय लिहिले, तर हेच होते. जी जागा एका फाइलची आहे, तीच मोकळी समजून दुसरी फाइल तिच्यावर लिहिली जाते. हे त्या क्षणी दिसत नाही. आठवड्यांनी एखादा व्हिडिओ मध्येच तुटतो, तेव्हा कळते.

वाचताना यातले काहीच बदलावे लागत नाही, म्हणून वाचणे निर्धोक आहे. लिहायचे, तर चारही ठिकाणी एकाच वेळी, योग्य क्रमाने आणि विंडोजला पटेल असेच लिहावे लागते. त्यातच एनटीएफएसची आतली मांडणी मायक्रोसॉफ्टने पूर्ण तपशिलात कधी जाहीर केलेली नाही. बाहेरच्या लोकांनी ती डिस्कवरचे बाइट तपासून, अंदाज बांधून, पुन्हा पुन्हा पडताळून समजून घेतली. लिनक्सच्या जगात भरवशाने लिहू शकणारे एनटीएफएस-थ्री-जी हे सॉफ्टवेअर स्थिर म्हणून बाहेर यायला २००७ उजाडले, आणि पूर्ण लेखन करणारे ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच सामील व्हायला २०२१. या पार्श्वभूमीवर, प्रतिस्पर्ध्याच्या मांडणीत कोट्यवधी लोकांच्या डिस्कवर लिहिण्याची जबाबदारी ॲपलने घेतली नाही, हे मला समजण्यासारखे वाटते. मात्र जे डिस्क जोडल्यावर निदान एका स्पष्ट वाक्यात सांगायला हवे होते, ते मॅक सांगत नाही, आणि लोक परवानग्यांच्या मागे धावतात, ही उणीव खरी आहे.

आता एक उदाहरण घेऊ. एका छोट्या फोटो स्टुडिओत इतकी वर्षे विंडोजचा संगणक होता. एक टेराबाइटच्या डिस्कवर लग्नांचे फोटो आणि व्हिडिओ मिळून ६२० गिगाबाइट भरले आहेत. आता एक मॅकबुक आले आहे. संपादन मॅकवर होणार, पण अल्बमची मांडणी आणि छपाईला पाठवणे विंडोजवरच राहणार. म्हणजे त्या डिस्कवर दोघांनाही लिहिता यायला हवे.

यातला सगळ्यात सुरक्षित मार्ग लोकांना क्वचितच सुचतो: मॅकने त्या डिस्कवर लिहूच नये, विंडोजकडून लिहून घ्यावे. डिस्क विंडोजच्या संगणकालाच जोडलेली ठेवायची. तिच्यातल्या फोल्डरवर उजवे क्लिक करून `Properties` आणि मग `Sharing` मधून तो घरच्या किंवा स्टुडिओच्या नेटवर्कवर वाटायचा, आणि मॅकला लिहिण्याचीही परवानगी द्यायची. दोन्ही संगणक एकाच वाय-फायवर असले, की मॅकच्या फाइंडरमध्ये कमांड आणि के दाबून `smb://` आणि त्यापुढे विंडोजच्या संगणकाचे नाव किंवा त्याचा आयपी पत्ता टाकायचा. इथे विंडोजच्या खात्याचा पासवर्ड लागतो. रोज संगणक उघडताना टाकायचा चार आकडी पिन चालत नाही. बरेच जण नेमके इथेच अडतात.

असे केल्यावर मॅक फक्त ‘ही फाइल ठेव’ असे नेटवर्कवरून सांगतो. सूची, अनुक्रमणिका, जागेच्या खुणा आणि नोंदवही हे सगळे विंडोज स्वतः सांभाळते. पुसायला, फॉरमॅट करायला काही लागत नाही. वेग मात्र कमी मिळतो. चांगल्या वाय-फायवर सेकंदाला ४० मेगाबाइट धरले, तर २० गिगाबाइटचा एक समारंभ जायला आठ-नऊ मिनिटे लागतात. तयार झालेले काम पोहोचवायला एवढा वेग पुरतो. डिस्कवरच ठेवून व्हिडिओ संपादित करायला पुरत नाही. मॅकमध्येच आभासी संगणक करून विंडोज चालवणाऱ्यांनी डिस्क त्या विंडोजकडे सोपवली, तरी तत्त्व हेच राहते, कारण लिहिणारे विंडोजच असते.

डिस्क खिशात घालून इकडून तिकडे न्यायचीच असेल, तर ती दोघांनाही लिहिता येईल अशा मांडणीची हवी. त्यासाठी एक्सफॅट आहे. ही मायक्रोसॉफ्टचीच मांडणी आहे. २०१९ मध्ये कंपनीने तिचा पूर्ण तपशील जाहीर केला. मॅक तिच्यावर २०१० पासून लिहितो. जुन्या फॅट-३२ मध्ये चार गिगाबाइटहून मोठी फाइल बसत नाही, ती अडचण इथे नाही.

अडचण वेगळीच आहे. आतला मजकूर तसाच ठेवून एनटीएफएसची डिस्क एक्सफॅट करण्याची सोय विंडोजमध्येही नाही. डिस्क पुसावीच लागते. म्हणून आपल्या स्टुडिओला माझा सल्ला असा, की दुसरी डिस्क घ्या, ती एक्सफॅट करा, सगळे तिच्यावर उतरवा आणि जुनी डिस्क पुसूच नका. ती निदान काही महिने तशीच कपाटात ठेवा. लग्नाचे फोटो पुन्हा काढता येत नाहीत.

नवी डिस्क मॅकला जोडून डिस्क युटिलिटी उघडायची. डावीकडे वरच्या `View` मधून `Show All Devices` निवडायचे. हे विसरले, तर डिस्कऐवजी तिचा फक्त एक भाग दिसतो आणि पुढचा पर्याय मिळत नाही. सगळ्यात वरची, डिस्कच्या कंपनीचे नाव असलेली ओळ निवडून `Erase` दाबायचे. `Format` मध्ये `ExFAT` आणि `Scheme` मध्ये `GUID Partition Map`. दाबण्याआधी आपण नव्याच डिस्कवर आहोत ना, हे तिच्या आकारावरून आणि नावावरून दोनदा पाहायचे, कारण या वेळी जुनी डिस्कही जोडलेली असली, तर एका क्लिकची चूक भारी पडते. शक्य असेल, तर पुसेपर्यंत जुनी डिस्क जोडूच नये.

मग दोन्ही जोडून फोल्डर ओढायचे. फिरत्या चकतीची डिस्क मोठ्या फाइलींना सेकंदाला साधारण १०० मेगाबाइट देते असे धरले, तर ६२० गिगाबाइटला पावणेदोन तास लागतात. बारीक फाइली जास्त असतील, तर याहून बराच वेळ जातो. मॅक मध्येच झोपू नये म्हणून चार्जर लावून ठेवायचा. उतरवून झाल्यावर मी एक पायरी कधीच वगळत नाही. ती म्हणजे दोन्हीकडचे बाइट न् बाइट जुळतात का, ते पाहणे:

```
diff -rq "/Volumes/STUDIO/Lagna" "/Volumes/NAVI/Lagna"
```

हा आदेश दोन्ही फोल्डर पूर्ण वाचून ताडून पाहतो, म्हणून आणखी तेवढाच वेळ घेतो. शेवटी काहीच छापले गेले नाही, तर सगळे जुळले. `Only in` अशी ओळ आली, तर ती फाइल एकीकडेच आहे. त्यात `.DS_Store` किंवा `._` ने सुरू होणारी नावे दिसली, तर काळजी नको. त्या मॅकने स्वतःच्या सोयीसाठी ठेवलेल्या छोट्या फाइली असतात. `differ` असा शब्द आला, तर मात्र ती फाइल पुन्हा उतरवायची.

एक्सफॅटच्या मर्यादा आधीच माहीत असलेल्या बऱ्या. तिला एनटीएफएससारखी नोंदवही नाही. लिहिणे चालू असताना केबल निघाली, तर मागे घ्यायला आधार नसतो, म्हणून दर वेळी दोन्ही संगणकांवर डिस्क रीतसर इजेक्ट करायची. दुसरे, ती जागा मोठ्या तुकड्यांत वाटते. विंडोजने मोठी डिस्क एक्सफॅट केली, की एक तुकडा सहसा १२८ किलोबाइटचा असतो. दोन किलोबाइटची चिठ्ठीही तेवढी जागा अडवते, म्हणजे अशा दोन लाख फाइलींना २५ गिगाबाइटच्या आसपास लागतात. फोटो-व्हिडिओला याने फरक पडत नाही. हिशेबाच्या किंवा प्रोग्रॅमच्या हजारो बारीक फाइली असतील, तर पडतो. आणि तिसरे, मॅकच्या फोटोज ॲपचा संग्रह एक्सफॅटवर ठेवायचा नाही. त्याला मॅकची स्वतःचीच मांडणी लागते.

काही ठिकाणी यातले काहीच जमत नाही. डिस्क ग्राहकाची आहे, ती पुसता येत नाही, त्याचा संगणक दुसऱ्या गावी आहे, आणि काम तिच्यावरच टाकून परत द्यायचे आहे. तिथे मॅकसाठी वेगळे एनटीएफएस ड्रायव्हर घ्यावे लागते. पॅरागॉन आणि टक्सेरा या कंपन्यांची विकतची ड्रायव्हर बरीच वर्षे बाजारात आहेत. फुकटात एनटीएफएस-थ्री-जी हे मॅकफ्यूजच्या आधाराने चालते, पण त्याची जुळणी टर्मिनलमध्ये करावी लागते. ॲपलच्या स्वतःच्या चिपच्या मॅकवर कर्नल एक्स्टेन्शन लागणाऱ्या ड्रायव्हरसाठी रिकव्हरीमध्ये जाऊन `Reduced Security` निवडावे लागते. संगणकाच्या संरक्षणाची एक कडी त्याने सैल होते. म्हणून विकत घेण्याआधी त्या ड्रायव्हरला ही पायरी लागते का, आणि आपल्या मॅकओएसच्या आवृत्तीवर ते चालते का, हे विचारून घ्यावे. रोज गरज असेल, तर मी पैसे देऊन घेतलेले, नियमित सुधारले जाणारे ड्रायव्हरच निवडीन.

ड्रायव्हर कितीही चांगले असले, तरी एक धोका विंडोजच्या बाजूने येतो. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. आपण संगणक ‘बंद’ करतो, तेव्हा विंडोज पूर्ण बंद होत नाही. आपल्या गाभ्याची स्थिती एका फाइलमध्ये गोठवून ठेवते आणि पुढच्या वेळी तिथूनच उठते. त्या गोठलेल्या स्मरणात, जोडलेल्या डिस्कवर काय कुठे आहे याचे चित्रही असते. मधल्या काळात ती डिस्क मॅकवर नेऊन कोणी लिहिले, तर विंडोज उठते तेव्हा तिच्या मनातले चित्र जुने असते, आणि ती त्या चित्राप्रमाणे लिहू लागते. फाइली गायब होण्याच्या, फोल्डर रिकामे दिसण्याच्या अनेक तक्रारींचे मूळ इथे असते. जबाबदार ड्रायव्हर अशी डिस्क ओळखतात आणि लिहायला नकार देतात. ड्रायव्हर घालूनही डिस्क फक्त वाचण्यापुरतीच उघडली, तर पहिला संशय हाच घ्यावा. तिथे जबरदस्तीचा पर्याय दिसला, तरी वापरू नये.

उपाय विंडोजवरच करायचा. डिस्क काढताना संगणक नुसता बंद करायचा नाही, आधी ती `Safely Remove Hardware` मधून सोडवायची. पूर्ण बंद करायचे असेल, तर शिफ्टची कळ दाबून ठेवून `Shut down` निवडायचे. ‘रीस्टार्ट’ केल्यावर ही गोठवणूक होत नाही, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. कायमची बंद करायची, तर प्रशासकाच्या अधिकाराने उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टवर हे दोन आदेश चालवायचे. पहिल्याने फास्ट स्टार्टअपबरोबर हायबरनेटचीही सोय जाते. दुसरा डिस्कची तपासणी करतो, आणि ई च्या जागी आपल्या डिस्कचे अक्षर टाकायचे:

```
powercfg /h off
chkdsk E: /f
```

एक जुनी युक्ती अजून सांगितली जाते. मॅकमधल्या `/etc/fstab` या फाइलमध्ये डिस्कचे नाव आणि `rw` हा शब्द लिहिला, की मॅकच्या स्वतःच्या ड्रायव्हरमध्ये दडलेली लिहिण्याची सोय जागी होते. २००९ च्या स्नो लेपर्डपासून कित्येक वर्षे हे चालत असे, हे खरे. पण ॲपलने ही सोय कधी अधिकृत म्हणून दिली नाही, आणि अलीकडच्या मॅकओएसमध्ये तिच्यावर विसंबता येत नाही. ज्या डिस्कच्या दुसऱ्या प्रतीची व्यवस्था नाही, तिच्यावर हा प्रयोग करू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

शेवटी उरला तो प्रकार, जिथे एनटीएफएसचा संबंधच नसतो. कालपर्यंत मॅकवर लिहू देणारी एक्सफॅटची डिस्क आज अचानक नकार देते. `diskutil info` मध्ये `ExFAT` दिसते आणि तरीही `Volume Read-Only` पुढे `Yes` असते. बहुधा ती मागच्या वेळी इजेक्ट न करता ओढली गेलेली असते. आधी आतल्या महत्त्वाच्या फाइली मॅकवर उतरवून घ्यायच्या, कारण वाचणे अजून चालू आहे, आणि मग डिस्क युटिलिटीतील `First Aid` किंवा विंडोजवरचे `chkdsk` चालवायचे. `Media Read-Only` पुढेच `Yes` आले, तर ड्रायव्हर किंवा फॉरमॅट शोधत बसू नये. एसडी कार्ड असेल, तर त्याच्या कडेचा चिमुकला खटका ‘लॉक’ कडे सरकलेला आहे का, ते पाहावे. खटका नसलेली पेनड्राइव्ह असे करू लागली, तर तिची चिप झिजून तिने लिहिणे बंद केलेले असण्याची शक्यता मोठी असते. अजून वाचता येते आहे, तोवर तिच्यातले सगळे त्याच दिवशी उतरवून घ्यावे.